कळ आधी थांबते, जखम नंतर भरते

शौचाला बसल्यावर आत काच फिरत गेल्यासारखी कळ येते, घाम फुटतो, आणि उठल्यावर भांड्यात किंवा मळावर लालभडक रक्ताचे दोन-चार थेंब दिसतात. त्यानंतर तास-दोन तास, कधी अर्धा दिवस, ती जागा ठणकत राहते. असं पहिल्यांदा झालं की माणूस हादरतो. मनात एकतर मूळव्याध येते किंवा थेट कॅन्सर. घरात सांगायची लाज वाटते, डॉक्टरांना दाखवायची त्याहून जास्त. मग औषधाच्या दुकानातून 'मूळव्याधीचं मलम' येतं आणि चार-सहा महिने तसेच निघून जातात.

हे वर्णन बहुतेक वेळा मूळव्याधीचं नसतं, ते फिशरचं असतं. गुदद्वाराच्या अगदी तोंडाशी, आतल्या नाजूक कातडीला गेलेली उभी चीर म्हणजे फिशर. आपल्याकडे त्या भागातल्या सगळ्याच दुखण्यांना सरसकट मूळव्याध म्हणतात. पण मूळव्याधीत आतल्या रक्तवाहिन्यांच्या उशा फुगतात. आतल्या मूळव्याधीतून रक्त बरंच जाऊ शकतं, मात्र ते सहसा न दुखता जातं, कारण तिथल्या अस्तराला वेदना कळत नाही. चीर पडते ती थोडी खाली, बाहेरच्या कातडीसारख्याच संवेदनशील भागात. म्हणून चीर जेमतेम एक सेंटीमीटरची असते, रक्तही थोडंच जातं, आणि दुखतं मात्र प्रचंड. भगंदर हा तिसराच प्रकार. त्यात गुदद्वाराशेजारी छिद्र पडून पू येत राहतो.

जखम एवढीशी, मग भरत का नाही?

तोंडात गाल चावला गेला तर आठवड्याभरात बरा होतो. ही चीर मात्र महिनोन्महिने रेंगाळते, आणि त्याला कारण तिच्या शेजारचा स्नायू आहे.

गुदद्वार मिटून ठेवणारी स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचं कडं आपल्या ताब्यात असतं. बसमध्ये असताना शौचाची भावना आली तर आपण आवळून धरतो ते या कड्याने. आतलं कडं मात्र आपलं ऐकत नाही. ते झोपेतही आपोआप आवळलेलं असतं, आणि एरवी गुदद्वार बंद राहतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. कडक मळाचा खडा जोर करून बाहेर काढताना कातडी फाटते, आणि त्या वेदनेने हे आतलं कडं आकसून बसतं. शौच होऊन गेल्यावरही ठणका राहतो तो या आकसलेल्या स्नायूचा.

स्नायू असा आवळून राहिला की त्यातून चिरेकडे जाणारं रक्त कमी होतं. चीर बहुतेकांना पाठीच्या बाजूला, अगदी मधोमध पडते, आणि तिथे मुळातच रक्तपुरवठा सगळ्यात कमी असतो. नव्वदच्या दशकात नेदरलँड्समधल्या शल्यविशारदांनी कातडीतला रक्तप्रवाह मोजून दाखवलं, की स्नायूचा दाब जितका जास्त, तितकं त्या जागेला रक्त कमी मिळतं. रक्त नाही म्हणजे जखम भरत नाही. भरली नाही म्हणून पुढच्या शौचाला पुन्हा फाटते, पुन्हा कळ, पुन्हा स्नायू आवळलेला.

यात माणूस आपल्या वागण्याने भर घालतो. दुखेल या धास्तीने तो शौचाला जाणं टाळतो. मळ मोठ्या आतड्यात जितका वेळ थांबतो तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, आणि तो अधिक कडक होतो. काही जण 'खाल्लंच नाही तर जावं लागणार नाही' म्हणून जेवण तोडतात. त्याने मळ थांबत नाही, तो थोडा आणि सुका होतो, आणि पुढची खेप आणखी दुखते.

उपचार म्हणून दोनच गोष्टी साधायच्या असतात. चीर पुन्हा फाटू नये इतका मळ मऊ ठेवायचा आणि आवळलेला स्नायू सैल करायचा. एवढं सहा ते आठ आठवडे सांभाळलं तर बहुतेक ताज्या चिरा आपोआप भरून येतात. १९८६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच चीर पडलेल्या रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला बधिर करणारं मलम, दुसऱ्याला स्टेरॉइडचं मलम आणि तिसऱ्याला फक्त कोमट पाण्यात बसणं व आहारात कोंडा. तीन आठवड्यांनी कोंडा-पाण्याच्या गटात शंभरातल्या सुमारे ८७ जणांची चीर भरली होती. बधिर करणाऱ्या मलमाच्या गटात हे प्रमाण ६०च्या आसपास होतं.

एका शिक्षिकेचे सहा आठवडे

अनेक रुग्णांच्या बाबतीत घडतं ते एकत्र करून एक उदाहरण घेऊ. तिशीतल्या एक शिक्षिका आहेत. शाळा सकाळची, सातच्या आत पोहोचायचं. घरातून चहा-बिस्किटावर निघतात. शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नाही, म्हणून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. चहानंतर पोटात हालचाल होते, पण रिक्षा दारात उभी असते, म्हणून ती भावना दाबली जाते. दुपारी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी पोहे किंवा वडापाव, रात्री वरणभात. आठवड्यातून एकदा उपवास, साबुदाण्याच्या खिचडीवर.

या जेवणात चोथा, म्हणजे न पचणारा तंतुमय भाग, दिवसाला जेमतेम १५ ग्रॅम होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरीच्या आहारात तो ३० ग्रॅमच्या आसपास हवा. हा चोथाच पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ व जाडसर राखतो. बाईंच्या ताटात तो निम्माच आहे, आणि त्याला धरून ठेवायला लागणारं पाणीही पोटात नाही. एका उपवासाच्या दुसऱ्या दिवशी खडा झाला, जोर करावा लागला, आणि चीर पडली.

डॉक्टरांनी कूस करून झोपवलं, हलक्या हाताने नितंब बाजूला केले आणि नुसतं पाहिलं. ताज्या चिरेचं निदान एवढ्यावर होतं. दुखत असताना आत बोट किंवा नळी घालायची बहुधा गरज नसते, आणि चांगले डॉक्टर ती घालतही नाहीत. या तपासणीच्या भीतीने कितीतरी लोक दवाखान्यात जात नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं.

जेवण बदललं ते असं. दुपारच्या दोन पोळ्या तशाच राहिल्या, त्यांतून साधारण ६ ग्रॅम चोथा मिळतो. बटाट्याच्या जागी मोड आलेल्या मटकीची उसळ आली, वाटीभर उसळीत ४ ते ५ ग्रॅम. रात्रीच्या भाताचा बराचसा भाग काढून एक ज्वारीची भाकरी आली, तिचे ५ ग्रॅम. सोबत वाटीभर पालेभाजी, तिचे सुमारे ३. शाळेच्या डब्यात मध्यम आकाराचा एक पेरू, त्याचे एकट्याचे ८ च्या आसपास. एवढ्यानेच २६-२७ ग्रॅम झाले. उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि रताळं. तिखट मात्र कमी केलं. मिरचीने चीर पडत नाही, पण तिचा जळजळीत अंश मळातून बाहेर पडतो आणि उघड्या जखमेला झोंबतो.

रात्री झोपण्याआधी दोन चमचे इसबगोल. ते पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. इसबगोल कोरडं तोंडात टाकू नये, ते घशात फुगून अडकू शकतं. पाण्याशिवाय घेतलं तर पोटातही ते उलटं काम करतं. दुसरी औषधं चालू असतील तर त्यांत आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवावं. चोथा एकदम दुप्पट केला तर पोट फुगतं, म्हणून हा बदल आठवडाभरात पायरीपायरीने करायचा. पाणी दिवसभरात दोन ते अडीच लिटर. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी किती पाणी प्यायचं हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

सकाळचा क्रम बदलणं सगळ्यात अवघड गेलं. रात्रीच्या झोपेनंतर पोटात काही पडलं की मोठं आतडं जागं होतं. चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात येणारी शौचाची भावना ही शरीराने दिलेली उत्तम वेळ असते. बाई अर्धा तास लवकर उठू लागल्या, उठल्यावर कोमट पाणी आणि एक केळं, आणि भावना आली की लगेच संडासात. भावना नसताना जाऊन बसायचं नाही आणि कुंथायचं नाही. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं. मोबाईल बाहेर, कारण तो हातात असला की पाचाची वीस मिनिटं होतात आणि तेवढा वेळ त्या भागावर ताण राहतो. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवं बसल्याने मार्ग सरळ होतो आणि जोर कमी लागतो. त्यांच्याकडे कमोड होता, म्हणून पायाखाली वीतभर उंचीचा पाट घेतला आणि किंचित पुढे वाकून बसायला सुरुवात केली.

शौचानंतर साध्या पाण्याने हळुवार धुवायचं. साबण नको, आणि जेटचा जोरदार फवाराही नको. मग पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा ते पंधरा मिनिटं त्यात बसायचं. पाणी कोपर बुडवून पाहावं, उबदार लागावं पण चटका बसू नये. या ऊबेने आवळलेलं आतलं कडं सैल होतं आणि ठणका उतरतो. दिवसातून दोन-तीनदा हे केलं तर उत्तम, पण शौचानंतरचा शेक चुकवू नये. पाण्यात मीठ, जंतुनाशक किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकायची गरज नाही. काम ऊब करते, आणि तीव्र द्रावणाने त्या नाजूक कातडीची आगच होते. नंतर मऊ फडक्याने टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही.

पहिले चार-पाच दिवस शौचाच्या थोडं आधी लावायला बधिर करणारं लिग्नोकेनचं मलम दिलं होतं. त्याचा उपयोग एवढाच, की भीतीने शौच टाळलं जाऊ नये. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्यांनी मात्र बद्धकोष्ठ होतं, आणि दुखणं थांबवायला घेतलेली गोळीच दुसऱ्या दिवशी चीर फाडते. लोहाच्या गोळ्यांनीही अनेकांचा मळ कडक होतो. त्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावं.

दहाव्या दिवसापर्यंत रक्त थांबलं. दुसरा आठवडा संपताना कळही जवळजवळ गेली. बहुतेकांची घसरण इथेच होते, आणि बाईंचीही झाली. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं वाटून इसबगोल सुटलं, शेक सुटला. तिसऱ्या आठवड्यात लग्नघरात दोन दिवस गेले. जेवण मैद्याचं आणि तळलेलं, पाणी कमी, आणि पाहुण्यांच्या गर्दीत शौच टाळलेलं. परतल्यावर खडा झाला आणि पुन्हा तीच कळ.

वेदना थांबली तेव्हा चिरेवर नव्या कातडीचा फक्त पातळ पापुद्रा आलेला होता. तो पक्का व्हायला आणखी काही आठवडे लागतात, आणि तोवर एक कडक शौच तो उचकटायला पुरेसं असतं. बाईंनी सगळा क्रम पुन्हा सुरू केला आणि या वेळी दुखणं थांबल्यावरही पुढे चालू ठेवला. त्यानंतरच्या सहा आठवड्यांनी तपासणीत चीर भरलेली होती.

इसबगोल नंतर हळूहळू कमी करता आलं. भाकरी, उसळ, पेरू आणि सकाळचा अर्धा तास मात्र कायम राहिला. १९८७च्या एका अभ्यासात चीर भरलेल्या रुग्णांना वर्षभर रोज १५ ग्रॅम कोंडा दिला, तेव्हा शंभरातल्या सुमारे १६ जणांनाच ती पुन्हा झाली. ज्यांना नुसतं कोंड्यासारखं दिसणारं निरुपयोगी चूर्ण दिलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ६८ होतं.

सवयी पुऱ्या पडत नाहीत तेव्हा

सहा ते आठ आठवडे नीट पाळूनही चीर भरली नाही तर ती जुनी झाली असं समजतात. तिच्या कडा जाड होतात, तळाशी स्नायूचे पांढुरके धागे दिसू लागतात आणि बाहेरच्या टोकाला कातडीचा छोटा कोंब येतो. हाताला लागणाऱ्या या कोंबालाच पुष्कळ लोक मूळव्याध समजतात आणि तो जाळून किंवा बांधून काढणाऱ्यांकडे जातात. कोंब काढला तरी चीर तिथेच राहते.

अशा चिरेसाठी स्नायू सैल करणारी मलमं आहेत. डिल्टिआझेमचं २ टक्क्यांचं मलम वाटाण्याएवढं घेऊन गुदद्वाराच्या कडेला दिवसातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे लावतात. नायट्रोग्लिसरीनचं मलमही याच कामाचं आहे, पण त्याने अनेकांचं डोकं जोरात दुखतं, आणि सिल्डेनाफिलसारखी औषधं घेणाऱ्यांसाठी ते धोक्याचं आहे. म्हणून ही दोन्ही मलमं डॉक्टरांनी सांगितल्यावरच वापरावीत. स्टेरॉइड असलेली तयार मलमं आठवडाभराहून जास्त वापरू नयेत, त्यांनी कातडी पातळ होते.

मलमानेही भागलं नाही तर स्नायूत बोटुलिनमचं इंजेक्शन देतात किंवा छोटी शस्त्रक्रिया करतात. शस्त्रक्रियेत आतल्या कड्याचा थोडासा भाग बाजूने छेदून त्याचा ताण कमी केला जातो. चीर भरण्याची खात्री यात सगळ्यात जास्त, नव्वद टक्क्यांच्या वर आहे. थोड्या जणांना नंतर वायू किंवा पातळ मळ रोखण्यात अडचण येते. म्हणून, विशेषतः बाळंतपणात त्या भागाला इजा झालेल्या स्त्रियांनी, शस्त्रक्रियेआधी हे डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्यावं.

घरी थांबू नये अशा खुणा

फिशरचं रक्त लालभडक, थोडं, मळाच्या वर किंवा धुताना दिसणारं असतं आणि त्यासोबत कळ असते. याहून वेगळं काही दिसलं तर ते फिशर धरून बसू नये. रक्त काळपट असेल, मळात मिसळलेलं असेल, भरपूर जात असेल किंवा अजिबात न दुखता जात असेल तर तपासणी हवीच. वजन उतरणं, भूक मरणं, चक्कर किंवा धाप लागणं, शौचाची नेहमीची पद्धत काही आठवडे बदललेली राहणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यांतलं काहीही असलं तरी तेच. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसलं तर कळ असली तरीही आतड्याची तपासणी करून घ्यावी.

चीर मधोमध नसून बाजूला असेल, किंवा एकाहून जास्त असतील, तर डॉक्टर क्षयरोग, क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार, एचआयव्ही यांचा शोध घेतात. ताप, सूज आणि बसताही येणार नाही असा सतत ठणका असेल तर तिथे गळू झालेलं असू शकतं. ते शेकत बसायचं नसतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

लहान मुलांना आणि बाळंतिणींना चीर पुष्कळदा पडते आणि दोघेही ती बोलून दाखवत नाहीत. मूल संडासात जायला रडत असेल, पाय आवळून उभं राहत असेल, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळंतिणीला 'या दिवसांत पालेभाजी नको, पाणी कमी पी' असं सांगणाऱ्या घरांनी तो सल्ला सोडून द्यावा. तिला चोथा आणि पाणी एरवीपेक्षा जास्तच लागतं.

एकदा डॉक्टरांना दाखवून ही चीरच आहे याची खात्री करून घ्या आणि सहा आठवडे मळ मऊ ठेवा. कळ थांबली त्या दिवशी उपचार थांबवू नका, कारण तेव्हा जखम अर्धीच भरलेली असते.